दूध पचत नाही पण दही-ताक चालतं, असं का?

दूध प्यायलं की तासाभरात पोट फुगतं, गुडगुडतं, कधी जुलाब होतात. दही-ताकाने मात्र काही होत नाही. मग ही दुधाची ॲलर्जी आहे का?

बहुतेक नाही, हा लॅक्टोज इनटॉलरन्स वाटतोय. म्हणजे दुधातली साखर (लॅक्टोज) फोडणारं लॅक्टेज एन्झाइम आतड्यात कमी पडतं, मग ती न पचलेली साखर मोठ्या आतड्यात जाते आणि तिथले जंतू तिचा गॅस करतात. ग्लासभर दुधात साधारण १२ ग्रॅम लॅक्टोज असतं. विरजणाचे जंतू त्यातलं थोडं आधीच खाऊन टाकतात आणि खरी गंमत म्हणजे ते स्वतःचं एन्झाइम घेऊन पोटात येतात, उरलेलं तिथे फोडायला मदत करतात, शिवाय दही घट्ट असल्याने पोटातून सावकाश पुढे सरकतं. ताकात तर पाणीच जास्त, अर्ध्या वाटी दह्याच्या ग्लासभर ताकात जेमतेम ३ ग्रॅम लॅक्टोज. कढी उकळली की जंतू मरतात, तेवढा फायदा कमी होतो.

पण दूध, दही, ताक कशानेही अंगावर पित्त उठत असेल, ओठ सुजत असतील, उलटी किंवा धाप लागत असेल तर ती प्रोटीनची ॲलर्जी, त्यात विरजण लावून काही उपयोग नाही कारण केसीन हे दुधातलं प्रोटीन तसंच राहतं. तेव्हा घरी प्रयोग करू नका, ॲलर्जीच्या डॉक्टरांना दाखवा.