चेहरा तोच, दिसणं वेगळं

प्रिय बेटा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. सहा महिन्यांपूर्वी धरमपेठेतल्या त्या अभ्यासिकेत तो पहिल्यांदा दिसला, तेव्हा तुला त्याच्यात नजरेत भरण्यासारखं काहीच वाटलं नव्हतं. आता तो दारातून आत आला की तुला देखणा वाटतो. ताईला सांगितलं तर ती म्हणाली, "ही तडजोड आहे, मनाची समजूत घालतेस." आणि तू मला विचारतेस, ताईचं खरं आहे का?

मला तसं वाटत नाही. तडजोड करणाऱ्याला उणीव दिसत असते, तो ती बाजूला सारतो. तू लिहितेस त्यात बाजूला सारण्यासारखं काही उरलेलंच नाही. तुझं बघणंच बदललंय. मी इतकी वर्षं मानसशास्त्र शिकवलं, त्यात या बदलाइतकं सुंदर मला फार थोडं सापडलं.

निफिन आणि विल्सन या दोन अमेरिकी संशोधकांनी 2004 मध्ये यावर एक शोधनिबंध लिहिला. त्यांनी वल्हवणाऱ्यांच्या एका संघातल्या मुलांना एकमेकांच्या दिसण्याला गुण द्यायला सांगितलं. त्याच मुलांच्या दिसण्याला अनोळखी लोकांकडूनही गुण घेतले. संघात एक कामचुकार होता आणि एक जीव तोडून मेहनत करणारा. अनोळखी लोकांना त्या दोघांच्या दिसण्यात काही फरक जाणवला नाही. सोबत्यांना मात्र कामचुकार कुरूप वाटत होता आणि मेहनती मुलगा देखणा. लक्षात घे, प्रश्न स्वभावाचा नव्हता, रूपाचा होता. त्याच निबंधात पुरातत्त्वाच्या उत्खननावर गेलेल्या विद्यार्थ्यांचीही पाहणी आहे. पहिल्या दिवशी जिला दिसण्याचे कमी गुण मिळाले होते, अशी एक मुलगी कामसू आणि सगळ्यांची आवडती ठरली, आणि अभ्यासक्रम संपताना त्याच लोकांनी तिला सुंदर ठरवलं.

म्हणजे ओळखीच्या माणसाचा चेहरा आपण नुसत्या डोळ्यांनी बघत नाही. त्या चेहऱ्यावर आपण काय काय घडताना पाहिलं, ते सगळं त्याच्यासोबत दिसतं. फोटोत हे येत नाही. म्हणूनच ताईला दाखवलेल्या फोटोत तिला काही दिसलं नाही. ती अनोळखी आहे एवढंच, चुकीची नाही.

आता तू लिहिलेल्या त्या प्रसंगाकडे येते, कारण माझ्या मते सगळं तिथेच आहे. मे महिना, लाइट गेलेली, कूलर बंद, आणि तुमची सराव मुलाखत चाललेली. गडचिरोलीकडून आलेला नवा मुलगा एक इंग्रजी शब्द चुकला आणि सगळे हसले. तेव्हा हा म्हणाला, "अरे, मी तर पहिल्या मुलाखतीत 'गुड आफ्टरनून'च्या ऐवजी घाबरून 'गुड नाइट' म्हटलं होतं, पॅनेल उठूनच जाणार होतं." पुन्हा हशा झाला, पण या वेळी तो नवा मुलगाही हसत होता.

त्याने काय केलं बघ. हसणं थांबवलं नाही, कोणाला उपदेश केला नाही. हशाची दिशा बदलली आणि जो एकटा पडला होता त्याला परत सगळ्यांत आणून बसवलं. विनोद आणि चांगुलपणा हे आपण दोन गुण म्हणून मोजतो, पण त्या क्षणी ते एकच काम होतं. शिवाय ते सोपं नव्हतं. त्या मुलाला किती लागलंय हे क्षणात ओळखणं, नेमकं वाक्य सुचणं आणि उकाड्याने स्वतः वैतागलेला असताना दुसऱ्याचा विचार करणं, हे तिन्ही एकाच वेळी जमावं लागतं. असं माणूस एखाद्या भेटीपुरतं सजवून आणू शकत नाही, म्हणून मन त्यावर विश्वास ठेवतं.

विनोदाच्या शैलींवर रॉड मार्टिन यांनी बरंच काम केलं आहे. माणसं जोडणारा विनोद त्यांनी दुसऱ्याला टोचणाऱ्या विनोदापासून वेगळा काढला, आणि स्वतःला सतत कमी लेखून हशा मिळवणं तिसऱ्याच खात्यात टाकलं. त्यामुळे एक बघत जा. हा मुलगा स्वतःवरचा किस्सा कोणासाठी तरी सांगतो, की प्रत्येक वेळी स्वतःलाच खाली पाडतो? पहिल्यात जिव्हाळा आहे. दुसऱ्यात बहुतेकदा दुखणं असतं, आणि त्याला हसून दाद देण्यापेक्षा विचारपूस करावी.

उलटंही घडतं. माझ्यासोबत एक अतिशय रुबाबदार शिक्षक होते. स्टाफरूममध्ये रोज शिपायाच्या तोतरेपणाची नक्कल करायचे. पहिल्या आठवड्यात मीही हसले, त्याची मला आजही लाज वाटते. दिवाळीपर्यंत त्यांच्या चेहऱ्याकडे बघवेना.

पण तू विचारलेलं अजून एक राहिलं: ही नुसती सवय तर नाही? प्रश्न रास्त आहे. मोरलँड आणि बीच यांनी 1992 मध्ये चार तरुणींना एका वर्गात वेगवेगळ्या वेळा बसवलं. एक कधीच आली नाही, बाकीच्या 5, 10 आणि 15 वेळा येऊन, कोणाशी न बोलता गेल्या. जी जास्त वेळा दिसली ती वर्गाला जास्त आवडली. तेव्हा तुझ्या ओढीचा थोडा भाग या रोजच्या दिसण्याचा असणारच. पण तुझ्याच अभ्यासिकेत तपासून बघ. तिथे आणखी डझनभर जण तुला तितकेच दिवस, तितकेच तास दिसतात. त्यांच्यापैकी किती जणांचा चेहरा तुझ्यासाठी असा बदलला? एकाचाही नसेल, तर सवयीपलीकडचं काहीतरी आहे.

वेळेचंही सांगते. हंट, ईस्टविक आणि फिंकेल यांनी 2015 मध्ये 167 जोडप्यांचा अभ्यास मांडला. भेटल्याबरोबर जुळलेल्या जोडप्यांत दोघांचं रूप साधारण सारखं होतं. प्रेमात पडण्याआधी जे 9 महिने किंवा जास्त काळ एकमेकांना ओळखत होते, त्यांच्यात हा मेळ जवळजवळ दिसेनासा झाला. अभ्यास अमेरिकेतला आहे, आपल्याकडे जात, पत्रिका, नोकरी असं बरंच मध्ये येतं, त्यामुळे आकडा जसाच्या तसा धरू नकोस. पण ओळख वाढली की सगळ्यांचं मिळून ठरलेलं मत मागे पडतं आणि प्रत्येकाचं आपलं मत तयार होतं, हे मी माझ्या विद्यार्थ्यांतही पाहिलंय.

त्याच्या मनात तुझ्याबद्दल हेच असेल असं मात्र यातून निघत नाही. तुझी ओढ वाढली म्हणून त्याची वाढतेच असं नाही, आणि त्याचा चांगुलपणा सगळ्यांसाठी आहे, हेच तर तुला आवडलं. त्या मुलासाठी केलेली गोष्ट तुझ्यासाठीची खूण समजू नकोस.

घाईही करू नकोस. आतापर्यंत तू त्याला बहुतेक बऱ्या दिवसांत पाहिलंस. पुढच्या महिन्यात पूर्वपरीक्षेचा निकाल आहे. त्याचा नंबर लागला नाही आणि शेजारच्याचा लागला, तर त्या संध्याकाळी चहाच्या टपरीवर तो कसा बोलतो ते बघ. चहावाल्या काकांशीही कसा बोलतो तेही. आणि तुझं स्वतःचं काय होतं तेही लिही मला, कारण निकाल तुझाही आहे.

तुझी,
मॅडम