प्रबंधाचं प्रकरण विद्यार्थ्याला कळलंय का, हे कसं तपासावं?

नव्याने गाइड झाला आहात, म्हणून सांगतो. ‘बीओडी म्हणजे काय?’ असं विचारू नका, व्याख्या पाठच असते. प्रकरणातला एकच आकडा निवडा, त्याच्यावर बोट ठेवा आणि विचारा, ‘हा कुठून आला?’

मुळा-मुठेच्या पाण्यावरचं एक प्रकरण माझ्याकडे आलं होतं. तक्त्यात बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू वापरतात तो ऑक्सिजन, २४ मिलिग्रॅम प्रति लिटर. मी कोरा कागद पुढे केला. मुलीने मांडलं: ३०० मिलीच्या बाटलीत नमुना १५ मिली, म्हणजे वीसपट विरळ. विरघळलेला ऑक्सिजन सुरुवातीला ७.८, बाटली तीन दिवस २७ अंश सेल्सिअसला ठेवल्यावर शेवटी ६.६. फरक १.२, गुणिले २०, चोवीस. गणित बरोबर.

मग दुसरा प्रश्न: ‘या चोवीसवर तुझा विश्वास आहे का?’ इथे ती अडली. ऑक्सिजन किमान २ मिलिग्रॅम प्रति लिटरने घटायला हवा आणि शेवटी किमान १ उरायला हवा. तरच वाचन धरतात. इथे घट १.२ च, म्हणजे नमुना फारच विरळ झाला. ‘मग काय केलं असतंस?’ थोडा वेळ घेऊन म्हणाली, ‘३० मिली घेतलं असतं, घट २.४ च्या आसपास आली असती.’ हे उत्तर प्रकरणात कुठेच नव्हतं, म्हणूनच मला पटलं.

‘तीन दिवस, २७ अंश का? पाच दिवस, २० अंश का नाही?’ हेही विचारा. ‘सर, लॅबमध्ये तसंच करतात’ असं उत्तर आलं, तर ती पद्धत सिनियरच्या प्रबंधातून उचललेली असण्याची शक्यता बरीच. मात्र घाबरलेला विद्यार्थीही असंच बोलतो. आधी चहा पाजा, मग पुन्हा विचारा.