प्रश्नाआधीच संपलेला ईमेल आणि सरांचे उत्तर

प्रश्न: कॉलेजच्या पोर्टलवरील मेसेजच्या चौकटीतून सरांना ईमेल पाठवला होता. त्यांचे उत्तर आले : "तुमचा ईमेल ‘आपण गृहीत धरले की n’ येथे संपतो. त्याखाली फक्त तुमचे नाव आहे. प्रश्न मिळालेला नाही, कृपया पुन्हा पाठवा." पोर्टलवर मात्र माझा ईमेल प्रश्नासकट पूर्ण दिसतो आहे. मी लिहिले होते : "प्रत्येक n>=2 ला मूळ विभाजक असतो, या सिद्धतेत आपण गृहीत धरले की n<k असलेल्या सर्व n साठी विधान खरे आहे, मग पायाची पायरी वेगळी दाखवावी लागते का?" सरांनी नीट वाचले नाही का? आता त्यांना काय लिहू?

उत्तर:

सरांनी ईमेल शेवटपर्यंत वाचला आहे. त्यांच्यापर्यंत तो तेवढाच पोहोचला, आणि नेमका कुठे तुटला हे त्यांनी उत्तरातच सांगितले आहे. त्यांनी उद्धृत केलेला शेवटचा शब्द n हा आहे आणि तुमच्या मजकुरात त्याच्या लगेच पुढे `<` हे चिन्ह आहे. मी गणित शिकवतो. असमता असलेले असे तुटके ईमेल माझ्याकडेही येतात, आणि बहुतेक वेळा दोष पाठवणाऱ्याच्या लिहिण्यात नसतो, तर ज्या चौकटीत त्याने लिहिले त्या चौकटीत असतो.

पोर्टल तुमचा मजकूर घेऊन त्याचा एचटीएमएल स्वरूपातला ईमेल तयार करते. या स्वरूपात `<` हे ‘पेक्षा लहान’चे चिन्ह नसून ‘येथून टॅग, म्हणजे मजकुराच्या मांडणीची आज्ञा, सुरू होतो’ अशी सूचना असते. म्हणून जबाबदारीने लिहिलेला प्रोग्राम वापरकर्त्याच्या मजकुरातील प्रत्येक `<` च्या जागी आधी `&lt;` घालतो, जेणेकरून वाचणाऱ्याला ते चिन्ह म्हणूनच दिसावे. नेहमीच्या ईमेल सेवा हे न सांगता करतात. तुमच्या पोर्टलने ते केलेले नसावे, आणि मग सरांच्या संगणकाकडे साधारण असा मजकूर गेला असेल :

```
... गृहीत धरले की n<k असलेल्या सर्व n साठी ... लागते का?<br><br>
```

वाचणाऱ्याच्या प्रोग्रामला `<k` दिसताच तो समजतो की k नावाचा टॅग सुरू झाला. पुढचे ‘असलेल्या’, ‘सर्व’, ‘साठी’ हे सगळे शब्द त्याच्या लेखी त्या टॅगचे गुणधर्म ठरतात, आणि पुढचे `>` मिळेपर्यंत तो गिळत राहतो. तुमच्या वाक्यात `<` नंतर एकही `>` नव्हते, त्यामुळे ओळीच्या शेवटी पोर्टलने स्वतः घातलेल्या पहिल्या `<br>` मधल्या `>` वर हा टॅग संपला. k नावाचा टॅग अस्तित्वात नसल्यामुळे पडद्यावर त्याचे काहीच उमटले नाही. दुसऱ्या `<br>` मुळे नवी ओळ सुरू झाली आणि तिच्यात तुमचे नाव व्यवस्थित दिसले. म्हणूनच सरांच्या समोर आलेला ईमेल अर्धवट तुटलेला वाटण्याऐवजी विद्यार्थी प्रश्न लिहायचाच विसरला असे वाटावे असा होता.

वाक्याच्या सुरुवातीच्या `n>=2` ला मात्र धक्का लागला नाही, कारण टॅग उघडलेला नसताना आलेले `>` हे साधे अक्षर मानले जाते. उलट तुम्ही पुढे कुठे `k>2` असे लिहिले असते, तर टॅग तिथेच संपून मधला भाग गायब झाला असता आणि सरांना ‘गृहीत धरले की n2’ असे काहीतरी विचित्र दिसले असते. तो प्रकार अधिक घातक असतो, कारण वाक्य शेवटपर्यंत गेलेले दिसते आणि मधला तुकडा गळल्याचे लक्षात येत नाही. वाचणारा मग चुकीच्या सूत्रालाच उत्तर देऊन बसतो.

‘आजवर याच पोर्टलवरून असमता पाठवल्या, तेव्हा काही झाले नाही’ असे तुम्हाला वाटत असेल, तर तेही खरे असू शकते. `<` च्या लगेच पुढे रोमन अक्षर आले तरच टॅग सुरू झाला असे धरले जाते. पुढे अंक, मोकळी जागा किंवा देवनागरी अक्षर असेल तर ते चिन्ह जसेच्या तसे दिसते. म्हणजे `3<5` सुखरूप जाते, `n < k` सुखरूप जाते आणि `n<k` तेवढे बुडते.

हे खरोखर तुमच्या बाबतीत घडले का, याची खात्री सरांना त्रास न देता करता येते. त्यांच्या उत्तराच्या खाली तुमचा मूळ ईमेल उद्धृत झालेला असेल; तो तीन ठिपक्यांमागे लपलेला असतो, तो उघडा. त्यांच्या पडद्यावर जे होते तेच सहसा तिथे आलेले असते. तो मजकूरही n वर संपत असेल तर निदान जवळपास पक्के झाले. पोर्टलवरील तुमची प्रत या बाबतीत पुरावा ठरत नाही, कारण ती तुम्ही टाइप केलेला मजकूर दाखवते, पाठवलेला ईमेल दाखवत नाही. शिवाय पोर्टलवरून स्वतःच्याच पत्त्यावर दोन ओळी पाठवता येत असतील तर तेही करून पाहा : पहिल्या ओळीत `अ n<k आ` आणि दुसऱ्या ओळीत `अ n < k आ`. पहिल्या ओळीतला ‘आ’ नाहीसा झाला आणि दुसऱ्या ओळीतला शिल्लक राहिला, तर आणखी शोध घेण्याची गरज नाही.

सरांना ‘मूळ ईमेल उघडून पाहा, त्यात प्रश्न असेल’ असे मात्र सुचवू नका. तांत्रिकदृष्ट्या तो त्या ईमेलमध्ये असतोच, पण देवनागरी मजकूर असलेल्या ईमेलचा कच्चा स्रोत बहुधा सांकेतिक रूपात असतो आणि उघडल्यावर रोमन अक्षरांची निरर्थक वाटणारी रांग दिसते. ती उलगडत बसण्यापेक्षा प्रश्न पुन्हा पाठवणे दोघांनाही सोपे आहे.

आता सरांच्या उत्तराविषयी. तुम्हाला ते तुटक वाटले असावे, पण माझ्या मते असा ईमेल आल्यावर जे लिहायला हवे तेच त्यांनी लिहिले. ‘प्रश्न कळला नाही’ एवढेच लिहिले असते तर तुम्ही तोच मजकूर त्याच चौकटीतून पुन्हा पाठवला असता आणि तो पुन्हा n वरच संपला असता. शेवटचे शब्द जसेच्या तसे दिल्यामुळे तुटण्याची जागा हाती लागली. त्यांनी प्रश्नाचा अंदाज बांधून उत्तर दिले नाही, हेही योग्य झाले. ‘आपण गृहीत धरले की n’ इथपर्यंत वाचून मला स्वतःला तीन वेगवेगळे प्रश्न सुचतात : नुसत्या k-1 साठी गृहीत न धरता सर्व लहान संख्यांसाठी का धरायचे, k संयुक्त असताना हे गृहीतक नेमके कुठे वापरले जाते, आणि तुमचा पायाच्या पायरीचा. तिन्हींची उत्तरे वेगळी आहेत. चुकीच्या प्रश्नाचे सविस्तर उत्तर आले असते तर ‘सर, मी हे विचारले नव्हते’ असे लिहिण्याचा संकोच तुमच्या वाट्याला आला असता.

पुढचा ईमेल पोर्टलवरून न पाठवता, सरांच्या उत्तरालाच तुमच्या नेहमीच्या ईमेलमधून उत्तर म्हणून पाठवा. विषयाची ओळ तीच राहील आणि त्यांना आधीचा धागा शोधावा लागणार नाही. प्रश्न पहिल्याच वाक्यात येऊ द्या, पार्श्वभूमी नंतर; म्हणजे पुन्हा कुठे काही तुटलेच तर पार्श्वभूमी तुटेल, प्रश्न वाचेल. कारण एका वाक्यात सांगा. ‘मी तर पूर्ण पाठवला होता’ या सुरात लिहिण्याचे प्रयोजन नाही, आणि लांबलचक क्षमायाचनेचेही नाही. मी साधारण असे लिहिले असते :

"आदरणीय सर, सबल विगमनाच्या सिद्धतेत पायाची पायरी वेगळी दाखवावी लागते का, असा माझा प्रश्न होता. प्रत्येक n ≥ 2 ला मूळ विभाजक असतो, या सिद्धतेत k पेक्षा लहान अशा सर्व संख्यांसाठी (2 पासून पुढे) विधान खरे मानले आहे; k = 2 असताना अशी एकही संख्या उरत नाही, तेथे माझा गोंधळ होतो. पोर्टलने ‘पेक्षा लहान’च्या चिन्हापुढचा मजकूर गाळल्यामुळे आधीच्या ईमेलमध्ये प्रश्न आपल्यापर्यंत पोहोचला नाही. तुटलेली जागा आपण कळवल्यामुळे कारण सापडले."

खाली नाव, वर्ग आणि हजेरी क्रमांक घातला की पुरे. यात ‘k पेक्षा लहान’ हे मुद्दाम शब्दांत ठेवले आहे. नेहमीच्या ईमेलमध्ये त्याची गरज नसते, पण सरांनी तो मजकूर उचलून पोर्टलवरच्या सूचनेत डकवला तर तिथेही तो शाबूत राहील. अनेक असमता लिहायच्या असतील तर चिन्हाच्या दोन्ही बाजूंना जागा सोडा, किंवा हाताने लिहून त्याचा स्वच्छ फोटो जोडा. लाटेकमध्ये लिहीत असाल तरी `$n<k$` ला हाच धोका आहे. वेबपानांवर गणित दाखवणाऱ्या मॅथजॅक्समध्ये `\lt` लिहिण्याची सोय आहे, ती अशाच वेळी उपयोगी पडते.

जाता जाता तुमच्या मूळ प्रश्नाविषयी, सरांचे उत्तर येईलच तरीही. k मूळ असेल तर तीच स्वतःची मूळ विभाजक असते आणि तिथे गृहीतकाची गरजच पडत नाही. k संयुक्त असेल तर तिचा 1 पेक्षा मोठा आणि k पेक्षा लहान असा विभाजक घेऊन त्याला गृहीतक लावले जाते. 2 मूळ असल्यामुळे ती पहिल्या प्रकारात आपोआप येते, म्हणून या सिद्धतेत वेगळी पायाची पायरी लागत नाही. इतर सिद्धतांत मात्र ती कुठे लपली आहे हे प्रत्येक वेळी तपासावे लागते.

पोर्टलवरची प्रतही अर्ध्यावर संपलेली असती तर मी चिन्हाकडे बोट दाखवले नसते. तेव्हा बहुधा टाइप करताना Ctrl आणि Enter एकत्र दाबले गेलेले असतात, आणि अनेक ईमेल सेवांत त्याने ईमेल तत्काळ रवाना होतो. तुमच्या बाबतीत पूर्ण प्रत समोर आहे, त्यामुळे ती शक्यता उरत नाही.

पोर्टल सांभाळणाऱ्यांनाही वरच्या दोन चाचणी ओळी आणि त्यांचा मिळालेला परिणाम कळवा. ‘ईमेल अर्धवट जातो’ एवढ्या तक्रारीवर ‘आमच्याकडे पूर्ण दिसतो’ असे उत्तर येण्याची दाट शक्यता असते, कारण तेही तुमच्यासारखी पोर्टलवरचीच प्रत उघडून पाहतात. ईमेल बनवताना वापरकर्त्याच्या मजकुरातले `<` हे `&lt;` मध्ये बदलले जात नाही, असे स्पष्ट लिहिलेत तर त्यांना ते दुर्लक्षिता येणार नाही. त्याच फटीतून कोणीही पोर्टलच्या नावाने खोटी लिंक असलेला ईमेल प्राध्यापकांना पाठवू शकतो.