घरी येऊन फिजिओथेरपी : घोषणेत काय लिहावं

प्रश्न : मी बीपीटीएच. चार वर्षं मिरजेत एका हॉस्पिटलच्या ऑर्थो वॉर्डात काम केलं. आता विश्रामबागेत राहून घरी जाऊन सेवा द्यायची ठरवलंय. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायला मजकूर केलाय : "पाठदुखी, मानदुखी, सायटिका, फ्रोझन शोल्डर, पॅरालिसिस, गुडघेदुखी, स्पोर्ट्स इंजुरी, सर्व वेदनांवर हमखास उपचार आता तुमच्या घरी! अनुभवी डॉक्टर, अत्याधुनिक मशीन, माफक दर." दोन दिवसांत तीन फोन आले. तिघांनीही आधी मालिशचं विचारलं. कुठे चुकतंय?

उत्तर :

सांगली-मिरज पट्ट्यात मी सतरा वर्षं घरोघरी जाऊन हेच काम करते, त्यामुळे तुमचे ते तीन फोन कसे झाले असतील हे मला ऐकल्यासारखं कळतं. मजकुरात सगळे आजार आले, पण ज्याला खरोखर घराबाहेर पडता येत नाही तो माणूस त्यात कुठेच दिसत नाही. मान धरलेला माणूस स्कूटरवरून क्लिनिकला येऊ शकतो. ज्यांच्या आईची गुडघ्याची वाटी बदलून परवा घरी आणलीय, त्या घराला तुमची गरज आहे. तो मुलगा किंवा सून तुमच्या यादीत आपली आई शोधते आणि तिला "गुडघेदुखी" एवढंच दिसतं. तिच्या आईला गुडघेदुखी नाही, ऑपरेशन झालंय.

तुमची चार वर्षं ऑर्थो वॉर्डात गेली आहेत. मग पहिली घोषणा फक्त त्याच कामाची करा : वाटी बदलल्यानंतरचे पहिले पाच आठवडे, घरी. लकवा, खुब्याचं फ्रॅक्चर वगैरे पुढे वाढवता येईल. मिरजेत ऑपरेशनला लांबून माणसं येतात आणि चार-पाच दिवसांत डिस्चार्ज होतो. वॉर्डात तुम्ही रोज गुडघा वाकवून घेत होतात. घरी गेल्यावर ते कुणी करत नाही, आणि नेमके तेच आठवडे महत्त्वाचे असतात.

एक केस सविस्तर सांगते, कारण घोषणेतलं प्रत्येक वाक्य त्यातूनच येणार आहे. कृष्णेपलीकडच्या एका गावातल्या सदुसष्ट वर्षांच्या बाई. उजवी वाटी बदललेली, मी गेले तो आठवा दिवस. घरातल्यांनी जीव लावून सेवा चालवली होती आणि गुडघ्याखाली मऊ उशी दिली होती, कारण तसं ठेवलं की दुखत नाही. मी गोनिओमीटर लावला. गुडघा सरळ व्हायला पंधरा अंश कमी पडत होता आणि वाकत होता जेमतेम साठ. वाकण्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं, पण माझा जीव खालीवर झाला तो त्या पंधरा अंशांनी. गुडघा पूर्ण सरळ झाला नाही तर टाच नीट टेकत नाही, माणूस कायम लंगडतो, आणि आखडलेल्या अवस्थेत महिना गेला की सरळ करणं फार अवघड होतं.

उशी त्या दिवशीच काढली. त्याऐवजी टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा अधांतरी सोडायचा, एका वेळी दहा मिनिटं, दिवसातून चार-पाचदा. मांडी आवळून गुडघा गादीकडे दाबायचा, पाच आकडे मोजायचे आणि सोडायचं. पलंगावर टाच सरकवत गुडघा वाकवायचा. घोटा तासातासाला वरखाली. दुखण्याची गोळी सर्जननी दिलेलीच होती. तिची एक वेळ माझ्या भेटीच्या अर्धा-पाऊण तास आधी येईल असं आम्ही त्यांना विचारून बसवलं. नंतर फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं बर्फ. मशीन एकही लागलं नाही. म्हणून "अत्याधुनिक मशीन" हे शब्द काढा. ते वाचून लोक मशीनची वाट बघतात आणि व्यायाम राहतो.

खरं काम घरात होतं. दिवाण इतका खाली होता की उठताना त्या सगळा भार चांगल्या पायावर घ्यायच्या. दिवाणाच्या चारही पायांखाली सुताराकडून खाचेचे लाकडी ठोकळे बसवून उंची वाढवली. विटा सरकतात, त्या नकोत. संडास भारतीय पद्धतीचा, म्हणून कमोडची खुर्ची भाड्यानं आणली. न्हाणीच्या उंबरठ्यावर वॉकर अडकत होता; तिथं आधी ऑपरेशनचा पाय, मग चांगला पाय, असं उतरायला शिकवलं. क्लिनिकमध्ये बसून हा उंबरठा मला कधीच दिसला नसता. घरी जाण्याला वेगळी किंमत आहे ती याचीच, आणि तीच तुमच्या घोषणेत यायला हवी.

पहिले दोन आठवडे दिवसाआड गेले, सात भेटी. पुढचे दोन आठवडे आठवड्यातून दोनदा. पाचव्या आठवड्यात एकदा. एकूण बारा. मधल्या दिवसांचा व्यायाम सुनेनं करून घेतला, दिवसातून तीनदा, आणि वहीत खुणा केल्या. दोन आठवड्यांनी सरळ व्हायला पाच अंश उरले होते आणि ऐंशीपर्यंत वाकत होतं. पाचव्या आठवड्यात पूर्ण सरळ आणि एकशे पाच. खुर्चीतून सहज उठायला साधारण नव्वदच्या पुढे लागतं, ते मिळालं. काठी घेऊन त्या वाड्याच्या दारापर्यंत गेल्या तेव्हा मी सांगितलं की आता मी येणार नाही, तुम्ही क्लिनिकला या.

हे थांबणं घोषणेत लिहा. माझा सगळा आग्रह याच एका ओळीसाठी आहे. फिजिओ एकदा घरी यायला लागली की महिनोन्महिने पैसे जात राहतात, ही लोकांची भीती खरी आहे. मी अशी घरं पाहिली आहेत. दहा ते बारा भेटी, पाच आठवडे, मग क्लिनिक, असं आधीच वाचलं की घरातलं माणूस बोटांवर हिशेब करतं आणि फोन करतं. तुमच्यावरही बंधन राहतं. तीन आठवडे झाले आणि नव्वद होत नसेल, तर आणखी भेटी वाढवायच्या नाहीत, मोजमाप लिहून सर्जनकडे पाठवायचं.

आता मालिश. "मालिश केली जात नाही" हे स्पष्ट लिहा, संकोच करू नका. एका घरी बाराव्या दिवशी गेले तर नातेवाईक पोटरी तेलानं चोळत होते, कारण ती दुखत होती. मी टेप लावला, नडगीच्या वरच्या उंचवट्यापासून दहा सेंटीमीटर खाली, दोन्ही पायांना. ऑपरेशनचा पाय तीन सेंटीमीटरपेक्षा जास्त जाड, गरम, दाबलं की दुखणारा. पायाला ऑपरेशननंतर थोडी सूज असतेच, पण एवढा फरक आणि पोटरीत दुखणं म्हणजे शिरेत रक्ताची गुठळी नाही ना, हे आधी पाहावं लागतं. त्या दिवशी मी व्यायाम घेतला नाही, चोळणं थांबवलं, तिथूनच सर्जनना फोन केला. डॉप्लरमध्ये गुठळी निघाली. ती सुटून फुप्फुसात गेली असती तर जीवावर बेतलं असतं. म्हणून घोषणेत एक ओळ अशी हवी की पोटरी सुजली, जखमेतून पाणी आलं, ताप आला किंवा अचानक दम लागला तर आधी हॉस्पिटल. टेप आणि बीपीचं यंत्र पिशवीत कायम ठेवा.

"हमखास" काढा, कारण तसं वचन आपल्याला देताच येत नाही. "अनुभवी डॉक्टर" याऐवजी फिजिओथेरपिस्ट, पदवी आणि राज्याच्या ऑक्युपेशनल थेरपी व फिजिओथेरपी कौन्सिलचा तुमचा नोंदणी क्रमांक लिहा. मालिशवाले आणि तुम्ही यातला फरक त्या क्रमांकानं दिसतो. "माफक दर" म्हणजे काहीच नाही. आकडा लिहा, येण्याजाण्याचा खर्च धरून. तो ठरवताना पाऊण तासाची भेट आणि प्रवासाचा अर्धा-पाऊण तास मोजा. दिवसात चार-पाचच्या वर भेटी नीट होत नाहीत, मीही त्या पलीकडे जात नाही. म्हणून परिसर आखून घ्या : विश्रामबाग, सांगली गाव, कुपवाड, मिरज. नदीपलीकडची गावं हवी असतील तर आठवड्याचे दोन वार त्यांना द्या. पावसाळ्याचाही विचार करा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुरामुळे माझे रुग्ण कित्येक दिवस माझ्यापासून तुटले होते, आणि ज्यांच्या घरी व्यायामाची वही होती त्यांचाच गुडघा टिकला. तेव्हापासून वही पहिल्या भेटीतच देते.

पहिल्या भेटीला घरातलं एक माणूस, शक्यतो घरातली बाई, हजर हवं अशी अट घाला आणि ती भेट दिवसाउजेडी ठेवा. तुमच्या सुरक्षिततेसाठी हे लागतंच. शिवाय व्यायाम त्याच माणसाला शिकवायचा असतो, त्यामुळे अट कुणाला खटकत नाही.

मी मजकूर असा लिहिला असता :

"गुडघ्याची वाटी बदलून घरी आणलंय? पहिल्या पाच आठवड्यांचा व्यायाम मी घरी येऊन घेते. पहिल्या भेटीत (एक तास) डिस्चार्ज कार्ड वाचून, गुडघा किती सरळ होतो आणि किती वाकतो ते मोजून लिहून देते. पलंग, संडास, उंबरठा पाहून काय बदलायचं ते सांगते. घरातल्या एकाला व्यायाम शिकवते. ते माणूस त्या वेळी हजर हवं. साधारण दहा ते बारा भेटी, सुरुवातीला दिवसाआड, मग कमी. चालता यायला लागलं की पुढचं क्लिनिकमध्ये. मालिश केली जात नाही. पोटरी सुजली, ताप आला, जखमेतून पाणी आलं किंवा दम लागला तर आधी हॉस्पिटलला जा. परिसर : विश्रामबाग, सांगली, कुपवाड, मिरज. पहिली भेट रु. —, पुढची प्रत्येक रु. —, प्रवासासह. नाव, बीपीटीएच, नोंदणी क्रमांक. फोन दुपारी १ ते ३."

फोनची वेळ मुद्दाम घातलीय. रुग्णाच्या पायाशी बसून फोन उचलला की मोजमाप चुकतं.

कुटुंबाच्या ग्रुपवर टाका, पण त्याआधी तुमच्या जुन्या वॉर्डातल्या सिस्टरना पाठवा आणि वॉकर, कमोडच्या खुर्च्या भाड्यानं देणाऱ्या सर्जिकल दुकानात कागदावर छापून ठेवा. डिस्चार्जच्या आदल्या दिवशी मुलगा तिथं खुर्ची घ्यायला येतोच. सर्जनचं नाव त्यांना विचारल्याशिवाय घालू नका, आणि रुग्णाच्या पायाचे आधीचे-नंतरचे फोटो तर अजिबात नकोत. दराचा आकडा ठरला की इथे टाका, प्रवासाचा हिशेब मी बघून देते.