मामाचे कॉइन तीन ठिकाणी, टोटल जुळेना

"मॅडम, मी खानापूरचा, बेळगावात बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे. मामाचं इथर तीन ठिकाणी आहे, एक इंडियन एक्स्चेंज, एक बाहेरचं एक्स्चेंज आणि मेटामास्क वॉलेट. मी एक शीट केली, पण घेतलं होतं 0.5 आणि टोटल येतंय 0.798. काय चुकतंय? आणि हे काम येत असेल तर सीएच्या ऑफिसात उपयोग होईल का?"

अरे, माझे वडील निपाणीला तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहायचे. एका वखारीतून दुसरीकडं माल गेला की इथं जावक, तिथं आवक, आणि वाटेत वजन कमी भरलं तर ती घट, ती पण लिहायची. तू आवक तेवढी लिहिलीस, जावक लिहिलीच नाहीस, म्हणून तोच माल दोनदा मोजला गेला. 0.5 खरेदी, 0.198 वॉलेटमध्ये आलं, 0.1 बाहेरच्या एक्स्चेंजवर आलं, बेरीज केलीस की 0.798 होणारच.

आता असं कर. आजचा बॅलन्स हातानं टाईप करायचा नाही, फक्त हालचाल लिहायची, एका ओळीत एकच. कॉलम सात पुरे: A तारीख, B ठिकाण, C नाणं, D बदल (आलं तर प्लस, गेलं तर मायनस), E कारण, F रुपये, G जोडी. शेवटचा सगळ्यात महत्त्वाचा, कारण एका ट्रान्स्फरच्या सगळ्या ओळींना त्यात एकच खूण द्यायची, T1, T2 असं.

तुझ्या आकड्यांवरनं बघू. इंडियन एक्स्चेंजवर +0.5, रुपये 1,00,000. तिथनं मेटामास्कला पाठवलं ते -0.2, पोचलं +0.198, दोन्ही ओळींना T1. मग मेटामास्कमधनं बाहेरच्या एक्स्चेंजला -0.1, नेटवर्कची गॅस फी -0.001 वेगळ्या ओळीत, आणि तिकडं +0.1, या तिन्हींना T2. तुझ्या शीटमध्ये गॅस फी नसेल, ती मेटामास्कच्या हिस्टरीत दिसते. C मध्ये इथरसाठी ETH लिही. आता हे दोन फॉर्म्युले:

```
=SUMIFS(D:D,B:B,"मेटामास्क",C:C,"ETH")
=SUMIFS(D:D,G:G,"T1")
```

पहिला 0.097 देईल. तसंच इंडियन एक्स्चेंजवर 0.3 आणि बाहेर 0.1, सगळं मिळून 0.497, म्हणजे 0.003 घट, तीच फी. दुसरा -0.002 देईल, म्हणजे T1 ची घट. जोडीची बेरीज नेहमी शून्य किंवा बारीकशी मायनस आली पाहिजे, मोठी प्लस आली तर जावक राहिली, मोठी मायनस आली तर आवक राहिली, मग सगळी शीट हुडकत बसायला नको, तेवढी जोडी बघायची. नंतर प्रत्येक ठिकाणचा आकडा खऱ्या बॅलन्सशी जुळव, वॉलेटचा पत्ता इथरस्कॅनवर टाकलास की तिथलं इथर दिसतं. एक्स्चेंजवर काही नाणी व्याजासाठी अडकवलेली असली तर तीही वेगळं ठिकाण म्हणून लिही, नाहीतर मेन बॅलन्समध्ये ती दिसत नाहीत आणि पैसे गेले म्हणून मामा घाबरतात.

एवढं करूनही जुळलं नाही तर दोन गोष्टी बघ. एक्स्चेंजची फाईल डाउनलोड केल्यावर कधीकधी आकडा टेक्स्ट म्हणून येतो, सेलमध्ये डावीकडं चिकटून दिसतो, SUMIFS त्याला धरतच नाही आणि एररही देत नाही. =ISNUMBER(D2) टाक, FALSE आलं तर तोच चोर. दुसरं म्हणजे वेळ, बाहेरच्या एक्स्चेंजची फाईल बहुतेक यूटीसी वेळेत असते, आपण साडेपाच तास पुढं. 31 मार्चला यूटीसी रात्री 8 चा सौदा आपल्याकडं 1 एप्रिलला रात्री दीडचा, म्हणजे आर्थिक वर्षच बदललं. हे कामाचं आहे, कारण एप्रिल 2022 पासून यातल्या नफ्यावर 30 टक्के टॅक्स आहे, एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातनं वजा करता येत नाही, आणि जुलै 2022 पासून विक्रीवर 1 टक्का टीडीएसही कापला जातो. स्वतःच्याच वॉलेटमध्ये पाठवणं ही विक्री नव्हे, पण जोडी लावलेली नसेल तर रिटर्न भरणाऱ्याला ती विक्रीच वाटते. घट खर्च म्हणून धरायची का, ते मात्र सीएनाच विचार, स्वतःच्या मनानं वजा करू नकोस.

आणि शीटमध्ये फक्त वॉलेटचा पत्ता लिहायचा, वॉलेट उघडणारे मामाचे ते बारा शब्द कधीच नाही, शीट दुसऱ्याच्या हाती लागली तर सगळं इथर गेलं.

आता ऑफिसचं. नुसती क्रिप्टो येते म्हणून बेळगावात कोण नोकरी देईल असं मला वाटत नाही. पण तू जे करतोयस ना, ते रिकन्सिलिएशन, आणि बँक स्टेटमेंट नि लेजर जुळवणं हे सीएच्या ऑफिसात रोजचं काम. सीए करायचा विचार असेल तर बीकॉमला 55 टक्के पडले की फाउंडेशन न देता डायरेक्ट इंटरमिजिएटला जाता येतं, तेव्हा या सेमिस्टरला मार्कांकडं बघ. इंटरव्ह्यूला जाताना मामाचं नाव आणि पत्ते काढून टाकलेली शीट घेऊन जा, आणि 0.798 चे 0.497 कसे झाले ते T1 आणि T2 च्या जोड्या दाखवून त्यांना समजावून सांग.