मावशींच्या पायावरची अंघोळ

"आई, त्या फोटोत एक आजी मला पायावर पालथं घालून पाणी ओततायत, त्या नर्स होत्या का? आणि मी एवढी रडतेय तर तू हसतेस काय?"

मनू, नर्स नाही गं, त्या आपल्या मालीशवाल्या मावशी. कोर्स-बिर्स काही नाही, सासूच्या हाताखाली शिकल्या आणि मग घरोघरी बाळंतिणी सांभाळत वीसेक वर्षं गेली. तू पुण्यात झालीस तेव्हा सव्वा महिना रोज सकाळी यायच्या.

आल्या की आधी विचारायच्या, दूध कधी पाजलंस? नुकतंच पाजलं असेल तर थांबायच्या, कारण भरल्या पोटी चोळलं की सगळं बाहेर. मग कोमट तेल, आधी पाय, मग हात, छाती, पाठ, आणि शेवटी तुझा उजवा हात डाव्या पायाला लावायचा, मग उलट. नंतर पाटावर बसून पाय लांब करायच्या आणि दोन नडग्यांच्या मधल्या खोबणीत तुला पालथं, तोंड एका बाजूला वळवलेलं. पाण्यात आधी स्वतःचं कोपर बुडवून बघायच्या, तळहाताला म्हणे काम करून करून चटका कळतच नाही.

माझं सिझर झालेलं, त्यामुळे पोटाला त्यांनी हात लावला नाही, फक्त पाठ, कंबर, पाय. टाके पूर्ण भरून डॉक्टर हो म्हणेपर्यंत पोट चोळायचं नाही आणि पट्टाही आवळायचा नाही, हे त्यांनीच आधी सांगितलं. जेवायला मऊ भात-तूप, शेपूची भाजी, बाजरीची भाकरी, आणि संध्याकाळी अळीवाची खीर, दोन चमचे अळीव तासभर भिजवले की फुगून गिळगिळीत होतात, मला ते अजिबात आवडायचं नाही पण समोर बसून संपवायला लावायच्या.

भांडण झालं ते वेगळ्याच गोष्टीवरून. तुझ्या नाकात-कानात तेलाचे थेंब आणि अंघोळीनंतर ओवा-वावडिंगाची धुरी हे दोन्ही त्यांना हवंच होतं. बालरोगतज्ज्ञांनी सांगितलेलं, नाकातलं तेल फुप्फुसात उतरू शकतं आणि धुराने एवढ्याशा बाळाचा श्वास कोंडतो. तेल त्यांनी सोडलं, धुरीसाठी मात्र आठवडाभर गाल फुगवून होत्या, शेवटी ती शेगडी बाल्कनीत गेली.

पण तिसऱ्या आठवड्यात मला थंडी वाजून ताप आला, छातीत एका बाजूला लालभडक, कडक, गरम गाठ. मी म्हटलं दूध साठलंय, जरा दाबून द्या. त्यांनी हात मागे घेतला, म्हणाल्या दूध साठून नुसती गाठ असती तर हळूच मोकळी केली असती, ताप आहे म्हणजे आत बिघडलंय, आजच दवाखान्यात जायचं आणि बाळाला पाजणं बंद करायचं नाही. इन्फेक्शनच निघालं, गोळ्या चालू झाल्या आणि तुझं पिणं चालूच राहिलं.

आणि हसत होते कारण तू रडायला लागलीस की मावशी तुला चक्क रागवायच्या, "कोण मारतंय गं भवाने!" तुझ्या भावाच्या वेळी इथे मी तसंच पाय लांब करून बाथटबमध्ये बसले, बाबा तांब्या धरून उभे, दोन मिनिटांत पाठ आखडली आणि साबण लागलेलं बाळ निसटायला लागलं, मग त्याच दिवशी दुकानातून प्लॅस्टिकचा टब आणला.