महिन्याला क्रेडिट कार्डावर पन्नास हजार खर्च करतो, तरी रिवॉर्ड पॉइंट्स एवढे कमी का? आणि ते साठवावेत की लगेच वापरावेत?

हा प्रश्न बघितला आणि दाजी आठवले. "अरे, घरभाडं रोख कशाला देतोस? कार्डावर टाक, पॉइंट्स मिळतील," असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं. मीही ऐकलं. नंतर तीन महिन्यांची स्टेटमेंटं काढून ओळ न् ओळ तपासली, तेव्हा कळलं की कार्ड माझी नुसती थट्टा करत होतं.

त्यातल्या एका महिन्याचा खर्च ५०,००० रुपये होता. दर १५० रुपयांमागे २ पॉइंट्स, म्हणजे ६६६ यायला हवे होते. आले २५४. भाड्याचे १८,०००, वॉलेटमध्ये भरलेले ७,००० आणि पेट्रोलचे ५,००० असे ३०,००० मोजलेच गेले नव्हते. उरलेल्या २०,००० चे २६६ व्हायचे, पण हिशोब प्रत्येक व्यवहाराचा वेगळा होतो आणि १५० च्या पटीबाहेरची रक्कम सोडून देतात. १४० रुपयांच्या खरेदीला शून्य आणि २९० ला दोनच. अशा बारक्या खरेद्यांनी आणखी १२ पॉइंट्स गेले.

खर्च कुठल्या प्रकारात धरायचा हे तुम्ही काय घेतलंत यावर ठरत नाही. दुकानदाराला त्याच्या बँकेने दिलेल्या चार आकडी कोडवर, म्हणजे एमसीसीवर ठरतं. घरभाड्याचा ६५१३, पेट्रोल पंपाचा ५५४१ किंवा ५५४२, वॉलेट भरण्याचा ६५४०. पंपावरच्या दुकानातून बिस्किटं घेतलीत आणि मशीन पंपाचं असलं, तर बँकेच्या लेखी तुम्ही पेट्रोलच भरलंत. बँक हे चिडून करत नाही. पॉइंट्सचा पैसा दुकानदाराकडून मिळणाऱ्या कमिशनमधून येतो. भाडं, इंधन, कर, वीजबिल अशा ठिकाणी ते कमिशन फार कमी असतं, आणि वॉलेटमध्ये तर लोक तेच पैसे गोल गोल फिरवायचे. म्हणून वगळलेल्या खर्चांची यादी अधूनमधून वाढत जाते.

आता भाड्याचं गणित बघा. १८,००० वर १ टक्का शुल्क म्हणजे १८० रुपये माझ्या खिशातून गेले आणि पॉइंट्स शून्य. बाकी खर्चाचे मिळालेले २५४ पॉइंट्स २५ पैशांनी धरले तरी ६३ रुपये ५० पैसेच होतात. म्हणजे बक्षीस मिळवायला मी वर ११६ रुपये ५० पैसे मोजले. दाजींना हे दाखवलं तर म्हणाले, "थेंबे थेंबे तळे साचे." साचतं कसलं, तळ्याला खाली भोक आहे! माझ्या कार्डावर प्रत्येक महिन्याच्या पॉइंट्सची मुदत स्वतंत्र आहे, मिळाल्यापासून २४ महिने. सगळे एकदम जात नाहीत, दर महिन्याला सर्वांत जुने गळतात, म्हणून लक्षातच येत नाही. स्टेटमेंटच्या कोपऱ्यात "मुदत संपलेले" असा एक बारीक रकाना असतो, तो मी दीड वर्ष वाचलाच नव्हता. कार्ड बंद केलंत तर उरलेलेही बहुधा जातात, म्हणून आधी वापरा आणि मग बंद करा.

साठवावेत का? माझं मत, नाही. पॉइंटची किंमत बँक ठरवते आणि ती कमीही करते. शिवाय एकाच पॉइंटची किंमत वापराप्रमाणे बदलते. दाजींनी ८,००० पॉइंट्स देऊन कॅटलॉगमधला मिक्सर घेतला. तोच मिक्सर बाहेर १,६०० ला होता, म्हणजे पॉइंटला २० पैसे पडले. बिलात वळते केले असते तर २५ पैशांनी २,००० मिळाले असते. विमान किंवा हॉटेलसाठी काही कार्डांवर याहून बरा भाव मिळतो, पण त्यासाठी मुद्दाम प्रवास काढू नका. वस्तूची बाहेरची किंमत भागिले पॉइंट्स एवढंच करून बघा. पॉइंट्स वापरण्याचं शुल्क असेल तर ते आधी किंमतीतून वजा करा.

हे सगळं बिल दर महिन्याला पूर्ण भरणाऱ्यांसाठी. २०,००० थकवलेत आणि महिना ३ टक्के व्याज धरलं, तर ६०० रुपये जातात, म्हणजे २,४०० पॉइंट्स. वस्तू परत केलीत की तिचे पॉइंट्सही परत जातात, आणि हप्ते पाडून घेतले तरी पुष्कळ कार्डांवर तसंच होतं. माझ्या कार्डाचे आकडे तुमच्या कार्डाला लागू होतीलच असं नाही, अटींमधली वगळलेल्या खर्चांची यादी तेवढी वाचा.

आणि मिक्सर ताईच्या घरी अजून खोक्यातच आहे. तिच्याकडे आधीचा चांगला चालतोय.